निळा जाळ कुठे अडला होता? केज तालुक्यातल्या एका शेगडीचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका वस्तीवरचं हे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं आणि पाडव्याच्या सुमारास परत आलं. मधले सगळे महिने घराला कुलूप होतं. तिकडे कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, तीन दगडांच्या चुलीवरच स्वयंपाक चालतो, त्यामुळे घरची दोन बर्नरची स्टीलची शेगडी ओट्यावर तशीच पडून राहिली. परत आल्यावर गॅस पेटवला तर डावा, मोठा बर्नर पिवळाधमक जाळ देऊ लागला. उजवा, लहान बर्नर पेटला, पण अर्धवट. एका बाजूला चांगला जाळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

घरातली सून मला म्हणाली, "दादा, भगुण्याचं बूड नुसतं काळं व्हायलंय. घासून घासून हात दुखायले. चहालासुद्धा किती वेळ लागायलाय."

मी या भागात गॅस शेगड्या दुरुस्त करतो. पिवळ्या जाळाची तक्रार नेहमीचीच असते आणि बहुतेक वेळा काम बर्नरची टोपी साफ करण्यावर भागतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण एकाच शेगडीत शेजारी शेजारी दोन वेगळे बिघाड होते. दोन्हींवर घरच्यांनी एकच उपाय केला होता आणि तो एकावरही पुरता लागू पडला नव्हता. जाळाकडे नीट पाहिलं असतं तर शेगडी उघडायच्या आधीच दोन्ही बिघाडांचा पत्ता लागला असता.

मी पोचलो तोवर त्यांनी तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. आधी टाकी बदलली. जुनी टाकी बरेच महिने पडून होती, म्हणून गॅस खराब झाला असेल असं त्यांना वाटलं. टाकीतला गॅस पडून राहिल्यानं खराब होत नाही, आणि नव्या टाकीवरही जाळ तसाच राहिला. मग दोन्ही टोप्या राखेनं आणि तारेच्या काथ्यानं घासल्या. त्या वरून पितळेसारख्या लखलखीत झाल्या, तरी फरक पडला नाही. शेवटी धाकट्या दिरानं गोधडी शिवायची जाड सुई घेऊन उजव्या टोपीची भोकं कोरली. या तिसऱ्या उपायाचा परिणाम पुढे भोगावा लागला.

उघडण्याआधी जाळ वाचणं

पेटवण्याआधी मी रबरी नळी पाहिली. बंद घरात उंदीर फिरतात आणि नळी कुरतडतात. ओट्याच्या मागे, भिंतीला टेकलेल्या भागात कुरतडलेलं असलं तर समोरून ते दिसत नाही. म्हणून नळी पूर्ण लांबीभर हातानं चाचपली, वाकवून भेगा पाहिल्या, तिच्यावर छापलेलं वर्ष वाचलं. नारिंगी सुरक्षा नळी साधारण पाच वर्षांनी बदलावी लागते. ही नळी मुदतीत होती आणि धड होती. मग साबणाचं पाणी करून रेग्युलेटरच्या आणि शेगडीच्या तोंडाशी लावलं. फुगे आले नाहीत. काडी पेटवून गळती शोधणारे लोक मी अजूनही पाहतो, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. नाकाला वास लागेपर्यंत पायाशी बराच साठलेला असू शकतो.

मग दार उघडं ठेवून फक्त खिडकीवर गोणपाट टाकलं. भर उन्हात निळा जाळ जवळजवळ दिसतच नाही, आणि पिवळा किती आहे याचाही अंदाज चुकतो.

आधी डावा बर्नर पेटवला. टोपीच्या सगळ्या भोकांतून, गोल सगळीकडे, सारखाच पिवळा, उंच, लुळा जाळ. वाऱ्याच्या जराशा झुळकीनं तो एका बाजूला कलंडायचा आणि भगुण्याच्या कडेनं वर चढायचा. बुडाशी थोडी निळी कड होती, बाकी सगळा पिवळा. खटका बारीक केला तर फट्‌ असा आवाज होऊन जाळ आत ओढला जायचा. जळत असताना शेगडीच्या पुढच्या बाजूला कच्च्या गॅसचा हलका वास येत होता. तो बर्नर लगेच बंद केला.

मग उजवा. याचा एक तृतीयांश भाग मेलेला. बाकीच्या भोकांतून जाळ येत होता आणि तो निळाच होता, फक्त उंची सारखी नव्हती. तीनचार ठिकाणी तर जिभेसारखा लांब जाळ बाहेर येत होता.

इथे थांबून विचार करायला हवा. एकाच टोपीच्या काही भोकांना त्रास आहे आणि काहींना नाही, तर बिघाड त्या भोकांतच आहे. कारण त्या भोकांपर्यंत येणारं मिश्रण सगळ्यांना एकच आहे. उलट, सगळ्या भोकांचा जाळ एकसारखा बिघडलेला असेल, तर बिघाड भोकांच्या आधी, जिथे अजून वाटे पडलेले नाहीत तिथे आहे. आणि दोन्ही बर्नर एकसारखे बिघडले असते तर त्याहून मागे, नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावं लागलं असतं. इथे दोघांची लक्षणं वेगळी होती, म्हणून टाकी, नळी आणि रेग्युलेटर यांच्यावरचा संशय तिथेच संपला. टाकी बदलून उपयोग का झाला नाही, तेही यातून कळतं.

पिवळा म्हणजे हवा कमी

बर्नरची टोपी आपल्याला दिसते, पण हवा आणि गॅस एकत्र येतात ते शेगडीच्या पोटात. खटक्याच्या मागे पितळेचा एक छोटा जेट बसवलेला असतो. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या नळकांड्याच्या उघड्या तोंडात शिरतो. जेट आणि नळकांडं यांच्यामध्ये मुद्दाम फट सोडलेली असते. सुटणारा गॅस त्या फटीतून बाहेरची हवा आपल्यासोबत ओढून नेतो, नळकांड्यात दोन्ही मिसळतात आणि वर टोपीच्या भोकांतून बाहेर येऊन पेटतात. एका भाग गॅसला पुरतं जळायला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. त्यातली बरीच आतूनच मिसळून यावी लागते, उरलेली जाळ बाहेरून घेतो.

आतून येणारी हवा कमी पडली की गॅसमधला कार्बन पुरता जळत नाही. त्याचे बारीक कण तापून पिवळे चमकतात, तोच पिवळा जाळ. तेच कण भगुण्याच्या बुडाला चिकटले की काजळी. म्हणून पिवळा जाळ पाहून "गॅस कमी येतोय" म्हणणं उलटं आहे. गॅस येतोय, हवा येत नाही. अशा अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला वास नसतो, आणि दार-खिडकी बंद असलेल्या खोलीत तो जीवावर बेततो. भगुणं घासायचा त्रास हे त्यामानानं लहान कारण आहे.

हवा ओढायची सगळी ताकद जेटमधून सुटणाऱ्या गॅसच्या वेगात असते. टाकीत दाब कितीही असला तरी रेग्युलेटरमधून शेगडीला मिळणारा दाब फार थोडा असतो, साधारण 30 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. एवढ्याशा दाबावर सगळं चालतं, त्यामुळे नळकांड्यात अगदी मऊ, हलकी वस्तू अडकली तरी हवेची ओढ मोडते.

डावा बर्नर

रेग्युलेटर बंद केला आणि नळीत उरलेला गॅस खटका उघडून जाऊ दिला. बर्नर गार होऊ दिला. जाळी, टोपी, खालची ताटली काढून शेगडी जुन्या चादरीवर पालथी घातली.

पालथी घातल्यावर पहिली खूण दिसली. डाव्या खटक्याच्या मागे, बरोबर जेटसमोरच्या पत्र्यावर, तळहाताएवढा काळा डाग होता. उजवीकडे तसा डाग नव्हता. म्हणजे नळकांड्यात सगळा गॅस शिरत नव्हता, काही उलटा फिरून फटीतून बाहेर येत होता आणि कधीतरी तिथेच, शेगडीच्या पोटात, रबरी नळीच्या टोकापासून वितीवर, पेटतही होता. कच्च्या गॅसचा वास येत होता तो इथूनच. ताईंना मी तो डाग दाखवला आणि खटक्याची मूठ कधी गरम लागली होती का, असं विचारलं. "लागायची की," त्या म्हणाल्या, "मला वाटलं वरच्या जाळानं तापली असंल."

नळकांडं या शेगडीत एकाच स्क्रूनं अंगाला धरलेलं होतं. स्क्रू काढून ते जेटपासून मागे सरकवलं आणि बाहेर घेतलं. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाशी मोबाइलची बॅटरी धरली. स्वच्छ नळकांड्यातून उजेडाचा गोल ठिपका दिसतो. इथे धुकट, राखाडी उजेड दिसला. तोंडापासून दोन बोटं आत, जिथे नळकांडं सगळ्यांत अरुंद होतं, तिथे कोळ्यानं जाळं विणलं होतं. एक थर नव्हे, एकावर एक कितीतरी थर, आणि त्यांच्या मधोमध अंड्यांची पांढरी, चपटी थैली. जाळ्यावर पीठ आणि धूळ बसून ते दाट झालं होतं.

कोळी इथेच का येतो, हे समजायला अवघड नाही. जागा अंधारी आहे, अरुंद आहे, एका बाजूनं उघडी आहे आणि कुणी हलवत नाही. रोज पेटणाऱ्या शेगडीत तो टिकत नाही, पण कुलूपबंद घरात त्याला सगळा हिवाळा मिळतो. काही घरांत तिथे कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं सापडतं. ते फोडून काढावं लागतं, आणि त्याचा एखादा कण नळकांड्यात राहिला तर तो पुढे जाऊन टोपीत अडकतो. ऊसतोडीहून परतलेल्या, पुण्या-मुंबईला असणाऱ्यांच्या गावाकडच्या, शेतातल्या आखाड्यावरच्या अशा शेगड्यांत पिवळा जाळ असला की मी टोपीला हात लावायच्या आधी नळकांडं पाहतो.

जाळं काढायला बाटली धुवायचा ब्रश वापरला. रुंद तोंडाकडून घालून अरुंद तोंडाकडे ढकललं तर गोळा बरोबर गळ्यात जाऊन घट्ट बसतो, म्हणून ब्रश जेटच्या बाजूनं घातला आणि फिरवत फिरवत तिकडूनच बाहेर ओढला. मग तारेला सुती कापड बांधून आरपार ओढलं. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे केलं. नंतर भांड्याच्या साबणानं धुऊन उन्हात ठेवलं. नळकांडं ॲल्युमिनियमचं असेल तर त्याला धुण्याचा सोडा लावू नये. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि आतला पृष्ठभाग खरबरीत होतो.

जेट जागच्या जागी राहू दिला. त्याच्या भोकाकडे उजेड धरून पाहिलं तर ते गोल होतं, कडा साफ होत्या, तोंडावर नुसती धूळ होती. ती मऊ ब्रशनं झटकली. जेटला सुई लावायची नाही, हे मी प्रत्येक घरात सांगतो. जेट पितळेचा, सुई पोलादाची. एकदा भोक मोठं किंवा वेडंवाकडं झालं की गॅस जास्त येतो आणि हवा तेवढीच राहते, म्हणजे जाळ कायमचा पिवळा. मग कितीही साफसफाई केली तरी उपयोग नाही, जेट बदलावाच लागतो. खरंच काही अडकलं असेल तर जेट काढून गरम साबणाच्या पाण्यात टाकावा आणि विजेच्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार हलकेच फिरवावी. तांबं पितळेपेक्षा मऊ असतं. हे काम खटक्याच्या आट्यांशी संबंधित असल्यानं घरी न करता मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं.

नळकांडं वाळल्यावर बसवलं, स्क्रू आवळला, पेटवलं. जाळ निळा आला, पण एका बाजूला थोडा पिवळा आणि लांब. कारण साफसफाईत नव्हतं, बसवण्यात होतं. नळकांड्याचं तोंड किंचित तिरकं बसलं होतं, त्यामुळे जेटची धार बरोबर मधोमध न जाता आतल्या भिंतीला घासत होती. अशा धारेला हवा नीट ओढता येत नाही. स्क्रू सैल केला, समोरून पाहून जेट आणि तोंड एका रेषेत आणलं, पुन्हा आवळलं. या वेळी गोल सगळीकडे सारखा निळा जाळ आला. ज्यांनी घरी नळकांडं काढून साफ केलं आणि "आधीपेक्षा वाईट झालं" म्हणून फोन केला, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हाच तिरकेपणा सापडतो.

उजवा बर्नर

उजव्याचं कारण स्वयंपाकघरातलंच होतं. आमच्याकडे रोजची भाकरी ज्वारीची. तव्यावर एक बाजू झाली की दुसरी बाजू थेट जाळावर शेकतात, तेव्हा भाकरीला लागलेलं कोरडं पीठ आणि करपलेले पापुद्रे सरळ टोपीवर पडतात. त्यावर वरण उतू जातं, दूध उतू जातं. पीठ आणि वरणाचं पाणी मिळून खळ होते, ती भोकांत शिरते आणि जाळावर भाजून दगडासारखी होते. शिवाय इथल्या बोअरचं पाणी जड. उतू गेलेल्या पाण्याचा क्षार भोकांच्या कडेला पांढरा थर धरतो. ऊसतोडीला जाण्याआधीच ही भोकं अर्धी भरली असणार, नंतरच्या महिन्यांत आतलं सगळं सुकून आवळलं.

राख आणि तारेच्या काथ्यानं वरचं पितळ चकचकीत झालं होतं, पण भोकांतला माल तसाच होता. उलट राखेचे कण काही भोकांत नव्यानं बसले होते.

एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून टोपी त्यात अर्धा तास बुडवली. लिंबूसत्व नसेल तर चिंचेचा दाट कोळ चालतो, फक्त तो नंतर भोकांतून नीट धुवावा लागतो. आंबट पाणी क्षार विरघळवतं, आणि खळीचा दगड ओलावून सुटा होतो. रात्रभर ठेवायचं कारण नाही. जास्त वेळ आंबटात राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं, वरचा भाग लालसर होतो आणि हळूहळू कमकुवत होतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, खूप फेस येतो आणि काम होतंय असं वाटतं. फेस येतो तो दोघं एकमेकांना मारतात म्हणून. उरतं ते जवळजवळ साधं पाणीच. क्षार काढायचा असेल तर नुसतं आंबट घ्यावं, तेल काढायचं असेल तर नुसता साबण.

भिजल्यावर जुन्या दात घासायच्या ब्रशनं आतून-बाहेरून घासलं. मग टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं. इथे टाचणी चालते, कारण टोपीची भोकं जेटपेक्षा मोठी असतात. पण ती भोकाहून बारीक हवी. ती फिरवायची नाही, फक्त सरळ आतबाहेर करायची. बाहेरून ढकललेला कचरा टोपीच्या आत पडतो, म्हणून टोपी पालथी करून आपटली, नळाखाली आतून पाणी सोडलं आणि पुन्हा आपटली. शेवटचं पाणी पिण्याचं, कमी क्षाराचं घेतलं. बोअरच्या पाण्यानं धुऊन तसंच वाळवलं तर काढलेला क्षार थोडा का होईना परत बसतो. नंतर टोपी पालथी करून कडक उन्हात ठेवली. एप्रिलच्या बिडात हे काम लवकर होतं. पावसाळ्यात कापडानं टिपून तव्याच्या उबेवर वाळवावी लागते. भोकांत पाण्याचा थेंब राहिला तर जाळ तडतडतो, तुटतो, आणि माणसाला वाटतं की साफसफाई फुकट गेली.

टोपी उजेडासमोर धरली. सगळी भोकं आरपार दिसली, आणि त्यातली चार बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठी. जाड सुईनं कोरलेली हीच ती. बसवून पेटवलं तेव्हा मेलेला भाग जिवंत झाला, सगळीकडे निळा जाळ आला, पण त्या चार ठिकाणी लांब जिभा तशाच राहिल्या. मोठ्या ज्योतीवर एवढं चाललं असतं. खटका बारीक केला तेव्हा मात्र जाळ फट्‌ करून आत गेला. मोठ्या भोकातून मिश्रण सावकाश बाहेर पडतं, आणि जाळाचा वेग त्याहून जास्त झाला की तो उलटा आत शिरतो. बारीक गॅसवर दूध ठेवून अंगणात गेलेल्या बाईला ते कळणारही नाही. भोक लहान करायला उपाय नाही. त्यामुळे टोपी बदलावी लागली.

नवी टोपी घेताना जुनी सोबत नेली. सारख्या दिसणाऱ्या टोप्यांच्या खालच्या कडेचा व्यास वेगळा असतो. सैल टोपी डुगडुगते, खालच्या फटीतून जाळ येतो आणि तिथेच पिवळा होतो. घट्ट टोपी तिरकी बसते. बसवल्यावर बोटानं फिरवून पाहावं, ती सपाट बसून सहज फिरायला हवी. दिराला मी सांगितलं की जाड सुईनं झालेलं नुकसान एका टोपीवर भागलं. हीच सुई जेटमध्ये गेली असती तर दर वेळी पिवळा जाळ आणि दर वेळी नवा संशय, असं चाललं असतं.

नीट झालं हे कसं ओळखलं

दोन्ही बर्नर एकदम पूर्ण पेटवले. प्रत्येक भोकावर आत फिकट निळा, टोकदार छोटा शंकू आणि त्याभोवती गडद निळं आवरण दिसत होतं. आवाज एकसारखा, हलका सूं असा. जाळ भोकापासून सुटून वर तरंगत नव्हता. तसा तरंगला असता तर हवा जास्त झाली असं समजलं असतं. काही शेगड्यांत नळकांड्याच्या तोंडाशी हवेचा पत्रा असतो, तो थोडा बंद करून हे दुरुस्त होतं. या शेगडीत तो नव्हता.

मग दोन्ही बारीक केले. जाळ आत गेला नाही. घासलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून ते प्रत्येक बर्नरवर पाच मिनिटं ठेवलं आणि बूड पांढऱ्या कापडानं पुसलं. कापड पांढरं राहिलं. शेगडीखाली हात घालून खटक्याच्या मागचा पत्रा पाहिला, तो गार होता. शेवटी साबणाचं पाणी पुन्हा जोडांना लावलं.

निळ्या जाळात अधूनमधून नारिंगी ठिणग्या उडत होत्या, त्या पाहून ताई काळजीत पडल्या. त्या धुळीच्या आणि मिठाच्या कणांच्या होत्या. मिठातलं सोडियम जाळात नारिंगी दिसतं. घर झाडलं, पीठ चाळलं की थोडा वेळ अशा ठिणग्या येतातच. त्या येतात आणि जातात, काजळी धरत नाहीत. काळजी करायची ती सतत टिकणाऱ्या, मऊ पिवळ्या टोकांची.

टोपी भिजवणं, नळकांडं काढून जाळं साफ करणं आणि सरळ बसवणं हे घरी जमण्यासारखं आहे, रेग्युलेटर बंद असेल आणि नंतर साबणाची चाचणी केली तर. खटका कडक झाला, जेट बदलायचा असला, किंवा रेग्युलेटरवर संशय असला तर तिथे हात थांबवावा. रेग्युलेटर उघडायची वस्तूच नाही, तो एजन्सीकडून बदलून घ्यायचा. वास टिकून राहिला तर बटणं न दाबता दारं उघडावीत, रेग्युलेटर बंद करून बाहेर यावं आणि 1906 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

निघताना आजींनी विचारलं, "पुढच्या दिवाळीला परत हीच गत व्हायची का?" होऊ नये म्हणून दोन गोष्टी ठरल्या. ऊसतोडीला जाताना टाकीवरचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावायचं, बर्नरच्या टोप्या काढून कोरड्या डब्यात ठेवायच्या. आणि शेगडी पूर्ण जुन्या धोतराच्या कापडात, खालच्या बाजूनेही, घट्ट गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे कोळ्याला नळकांड्याच्या तोंडापर्यंत वाट राहत नाही. परत आल्यावर टोप्या बसवण्याआधी नळकांड्यातून बॅटरीचा उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. हे काम दिरानं स्वतःकडे घेतलं आणि नळकांड्याचा स्क्रू कोणत्या पान्यानं निघतो, ते माझ्याकडून दोनदा करून पाहिलं.